कॉलची नोंद आहे, तरी फॉलो-अप चुकतो: कारण कुठे आहे ते कसं शोधायचं

सेल्स इंटर्नच्या कामात ही तक्रार पुन्हा पुन्हा येते. ग्राहकाला फोन केला होता, सीआरएममध्ये, म्हणजे ग्राहकांच्या नोंदी ठेवायच्या सॉफ्टवेअरमध्ये, त्याची नोंद आहे, ग्राहक काय म्हणाला तेही लिहिलेलं आहे. तरीही ठरलेल्या दिवशी कोणी फोन केला नाही. दोन आठवड्यांनी फोन लावला तर समोरून उत्तर येतं, "आम्ही दुसऱ्यांना काम दिलं." बहुतेक वेळा यावर एकच सल्ला मिळतो, की नोंदी नीट ठेवत जा. त्याने काही सुटत नाही. नोंद नीट असूनही फॉलो-अप चुकतो आणि त्यामागे चार-पाच वेगवेगळी कारणं असतात. प्रत्येकाचा इलाज वेगळा आहे, म्हणून आधी आपल्याकडे नेमकं काय बिघडलंय ते पाहू.

उदाहरण पूर्ण लेखभर एकच घेतलं आहे: पुण्यातल्या हाउसिंग सोसायट्यांना छतावरच्या सोलरसाठी फोन करणारा इंटर्न. या कामात निर्णय एका फोनवर होत नाही. सचिव, अध्यक्ष, खजिनदार, मग कमिटी, मग सर्वसाधारण सभा असा तो फिरतो. सगळा धंदा फॉलो-अपवर चालतो, त्यामुळे नोंदीतला प्रत्येक दोष इथे लवकर उघडा पडतो.

आधी वीस नोंदी तपासा

गेल्या आठवड्यातले असे वीस कॉल काढा ज्यांत ग्राहकाशी खरंच बोलणं झालं होतं. न उचललेले कॉल यात धरू नका. प्रत्येक नोंदीला तीन प्रश्न विचारा. या ग्राहकाच्या नावावर पुढच्या तारखेचा उघडा टास्क आहे का? त्या टास्कची तारीख ग्राहकाने सांगितलेल्या वेळेशी जुळते का? आणि शेजारी बसणाऱ्या सहकाऱ्याने फक्त ती नोंद वाचून फोन लावला, तर पहिलं वाक्य काय बोलायचं ते त्याला कळेल का?

पहिल्या प्रश्नाला बरेच "नाही" आले, तर तारखा मजकुरात अडकत आहेत. दुसऱ्यावर अडखळलात तर तारखा चुकीच्या पडत आहेत किंवा फाईल चढवताना सरकल्या आहेत. तिसऱ्यावर अडलात तर टिपा कच्च्या आहेत. आणि तिन्ही ठीक असूनही ग्राहक "काल तुमच्याच माणसाचा फोन येऊन गेला" असं म्हणत असेल, तर एकाच ग्राहकाच्या दोन-तीन नोंदी आहेत.

सगळ्यात मोठं कारण: तारीख मजकुरात लिहिली जाते

सीआरएममध्ये तीन गोष्टी एकमेकींजवळ दिसतात आणि नव्या माणसाला त्या एकच वाटतात. कॉल लॉग म्हणजे झालेल्या गोष्टीची नोंद. टीप म्हणजे काय बोलणं झालं त्याचा मजकूर. टास्क म्हणजे पुढचं काम. सिस्टिम तुम्हाला आठवण करून देते ती फक्त टास्कमुळे, किंवा पुढच्या वेळेसाठी ठरवून ठेवलेल्या कॉलमुळे. टिपेत "८ तारखेला फोन करणे" असं लिहिलं, तर सिस्टिमच्या लेखी ते नुसतं वाक्य आहे. ८ तारखेला सकाळी तुमच्या कामाच्या यादीत ते येणार नाही.

गोंधळ आणखी वाढतो, कारण काही सिस्टिममध्ये कॉल लॉग हाही आतून टास्कच असतो. सेल्सफोर्समध्ये `Log a Call` केलं की एक टास्क तयार होतो, पण तो आधीच पूर्ण झालेला म्हणून नोंदला जातो. नव्या माणसाला वाटतं टास्क झाला, म्हणजे आठवण येईल. ती येत नाही, कारण ते काम सिस्टिमच्या दृष्टीने संपलेलं आहे. पुढचा टास्क वेगळा करावा लागतो. झोहोमध्ये झालेला कॉल नोंदवणं आणि पुढचा कॉल ठरवणं हे दोन वेगळे पर्याय आहेत. घाईत पहिलाच दाबला जातो. शिवाय टास्क तयार केला तरी त्यातलं रिमाइंडर वेगळं चालू करावं लागतं, नाहीतर टास्क यादीत असतो पण सूचना वाजत नाही.

हबस्पॉटमध्ये चूक थोड्या वेगळ्या वाटेने होते. कॉल नोंदवताना खाली फॉलो-अप टास्क तयार करण्याची चौकट असते आणि तिथे तारीख आधीच भरलेली येते, साधारणपणे कामाचे तीन दिवस पुढची. चौकटीवर टिचकी मारून पुढे गेलं की टास्क होतो खरा, पण तारीख ग्राहकाने सांगितलेली नसते, सिस्टिमने सुचवलेली असते. सचिव म्हणाले असतील "दोन आठवड्यांनी", आणि फोन जातो तिसऱ्या दिवशी. समोरचा वैतागतो, आणि पुढचा खरा फोन त्याला आधीच नकोसा झालेला असतो.

दुरुस्ती अशी. कॉल संपल्यावर लिहिण्याचा क्रम उलटा करा: आधी टास्क, मग टीप. पहिल्यांदा `Due Date` भरा, टास्कच्या नावातच कामाचं क्रियापद लिहा, आणि मगच टीप लिहायला घ्या. मधेच दुसरा फोन आला आणि टीप अर्धी राहिली तरी चालेल, तारीख मात्र सुटता कामा नये. टास्कचं नाव "फॉलो-अप" एवढंच असेल तर सकाळी यादीत पंचवीस ओळी एकसारख्या दिसतील. "अजेंड्यात विषय घेतला का ते सचिवांना विचारणे" असं नाव असेल, तर नोंद उघडण्याआधीच काम समजतं.

हाच नियम नकारालाही लागू आहे. ग्राहकाने "पुन्हा फोन करू नका" असं सांगितलं, तर ते टिपेत लिहून भागत नाही. फोन न करण्याचा स्वतंत्र रकाना असतो, त्यावर खूण करा. पुढच्या महिन्यात दुसरा कोणी त्याच भागातली यादी काढून नव्याने फोन लावायला बसेल, तेव्हा तो टिपा वाचणार नाही, रकान्यावर गाळणी लावेल. खूण नसेल तर त्या माणसाला पुन्हा फोन जातो, आणि तो नकोशा विक्री कॉलच्या तक्रारींसाठी असलेल्या १९०९ क्रमांकावर तक्रार करू शकतो.

"गणपतीनंतर बघू" याची तारीख कशी काढायची

ग्राहक तारीख सांगत नाहीत, वेळ सांगतात. "पुढच्या आठवड्यात", "पगार झाल्यावर", "दिवाळीनंतर", "परवा". यातला "परवा" तर टिपेत कधीच लिहू नये, कारण मराठीत तो मागचाही असतो आणि पुढचाही. "परवा बोलणं झालं" आणि "परवा बोलू" यांतला फरक क्रियापदावरून कळतो, आणि घाईत लिहिलेल्या टिपेत क्रियापदच गळतं. तुम्ही लिहिलेलं "उद्या" सुद्धा तीन दिवसांनी वाचणाऱ्याला वेगळं उद्या वाटतं. त्यामुळे सापेक्ष शब्द ऐकायचा, पण नोंदवायची ती कॅलेंडरवरची तारीख.

ती तारीख काढताना ग्राहकाच्या बोलण्यामागची खरी अडचण कोणती हे पाहावं लागतं. एक प्रसंग पूर्ण करून पाहू. २० ऑगस्ट २०२५, बुधवार. सोसायटीचे सचिव म्हणतात, "आत्ता काही नाही, गणपतीनंतर बघू. एजीएम पण आहे, तेव्हा सभासदांपुढे ठेवतो." बहुतेक इंटर्न इथे लिहितो: इंटरेस्टेड, गणपतीनंतर कॉल. आणि टास्क केलाच, तर तो अंदाजाने १५ सप्टेंबरला टाकतो.

आता तारखा मांडू. २०२५ साली गणेश चतुर्थी २७ ऑगस्टला आणि अनंत चतुर्दशी ६ सप्टेंबरला होती. त्यापाठोपाठ पितृपक्ष आला, तो २१ सप्टेंबरपर्यंत. त्या पंधरवड्यात नवं काम ठरवायला अनेक जण तयार नसतात. घटस्थापना २२ सप्टेंबरला होती. म्हणजे "गणपतीनंतर" याचा प्रत्यक्ष अर्थ बऱ्याच घरी "घटस्थापनेनंतर" असा होतो, आणि १५ सप्टेंबरचा फोन पितृपक्षाच्या मध्यात जातो.

पण इथे दुसरी तारीख जास्त महत्त्वाची आहे. महाराष्ट्रात सहकारी सोसायटीची वार्षिक सर्वसाधारण सभा, म्हणजेच एजीएम, ३० सप्टेंबरच्या आत घ्यायची असते, आणि उपविधींनुसार सभासदांना पूर्ण १४ दिवस आधी नोटीस द्यावी लागते. सचिवांना विचारलं, "सभा कधी ठरलीय?" तर समजा उत्तर आलं, रविवार, २८ सप्टेंबर. नोटिशीचा दिवस आणि सभेचा दिवस दोन्ही सोडून मधले १४ दिवस मोजले, तर नोटीस शनिवार, १३ सप्टेंबरपर्यंत निघायला हवी. सोलरचा विषय त्या नोटिशीतल्या विषयपत्रिकेत आला नाही, तर सभेत त्यावर ठराव होणं अवघड, आणि गोष्ट पुढच्या विशेष सभेवर किंवा पुढच्या वर्षावर जाते. १५ तारखेचा फोन दोन दिवस उशिराचा ठरतो, आणि हे इंटर्नला कधी कळतही नाही. नोंदीत सगळं व्यवस्थित दिसत राहतं.

म्हणून या एका बोलण्यातून तीन टास्क निघतात. पहिला, सोमवार, २५ ऑगस्ट: प्राथमिक प्रस्ताव आणि कमिटीला वाचून दाखवता येईल असं एक पान पाठवणे, म्हणजे गणपतीच्या गडबडीआधी ते सचिवांच्या हातात असेल. दुसरा, सोमवार, ८ सप्टेंबर: विसर्जन झाल्यावर फोन, विषयपत्रिकेत विषय घ्यायची विनंती, हवा असेल तर विषयाचा मसुदा पाठवणे. तिसरा, सोमवार, २९ सप्टेंबर: सभेत काय झालं ते विचारणे. पितृपक्षात विक्रीचा फोन नाही. ८ तारीख पितृपक्षातच येते, पण तो फोन निर्णय मागण्यासाठी नाही, कागदावर एक ओळ घालण्यासाठी आहे. टास्कच्या मजकुरात हा फरक लिहून ठेवा, म्हणजे ऐन वेळी भलताच आग्रह होणार नाही.

हे सगळं निघालं ते सभेची तारीख विचारल्यामुळे. ग्राहक सण, सभा, पगार, परीक्षा, सुट्टी असा कशाचाही आधार घेतो, तेव्हा "म्हणजे साधारण कोणत्या तारखेला?" एवढं तिथल्या तिथे विचारावं. तो प्रश्न कोणालाही खटकत नाही. नंतर अंदाज बांधत बसण्यापेक्षा फोनवरची पाच सेकंदं स्वस्त पडतात.

टीप वाचून दुसऱ्याला फोन करता आला पाहिजे

कच्ची टीप बहुतेक अशी असते: "बोलणं झालं. इंटरेस्टेड. डिटेल्स पाठवले. पुन्हा कॉल." यात चुकीचं काही नाही, उपयोगाचंही काही नाही. कोण बोललं? कोणते डिटेल्स, कुठे पाठवले? इंटरेस्ट कशात, आणि अडलंय कशावर?

वर घेतलेल्याच कॉलची पक्की टीप अशी असेल:

> सचिवांशी बोलणं, ७ मिनिटं. दोन लिफ्ट, पाण्याचा पंप आणि जिन्यातले दिवे यांचं बिल महिन्याला साधारण ३८,००० म्हणाले, बिल अजून पाहिलेलं नाही. "गेल्या वर्षी एकाचं कोटेशन आलं होतं, पण गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचं काय, यावर सभासद अडले." एजीएम रविवार, २८ सप्टेंबर. प्रस्ताव व्हॉट्सॲपवर हवा, ईमेल बघत नाहीत. सकाळी ११ नंतर फोन चालतो.

पाच-सहा ओळी आहेत, लिहायला दोन मिनिटं लागतात. यात सगळ्यात मोलाचं वाक्य अवतरणात आहे. ग्राहकाची शंका त्याच्याच शब्दांत लिहून ठेवली की पुढचा फोन वॉटरप्रूफिंगवरून सुरू करता येतो. "काही शंका आहेत" असं लिहिलं असतं तर पुढच्या फोनवर पुन्हा पहिल्यापासून विचारावं लागलं असतं, आणि सचिवांना वाटलं असतं की गेल्या वेळी ऐकलंच नव्हतं. "म्हणाले" आणि "बिल पाहिलेलं नाही" हेही मुद्दाम आहे. ऐकलेला आकडा आणि कागदावर पाहिलेला आकडा वेगळे ठेवले नाहीत, तर दोन फोनांनंतर ३८,००० ही पक्की माहिती बनते आणि प्रस्ताव तिच्यावर उभा राहतो.

लिपीची एक अडचण मराठी टिपांत नेहमी येते. एकाने "वॉटरप्रूफिंग" देवनागरीत लिहिलं, दुसऱ्याने रोमनमध्ये, तर शोध घेताना एकाचंच सापडतं. टीप कोणत्याही लिपीत असू द्या, पण सोसायटीचं नाव आणि भाग या दोन रकान्यांसाठी अख्ख्या टीमने एकच लिपी ठरवावी. बिलावर छापलेलं नाव जसंच्या तसं घेणं सगळ्यात सोपं.

आणि माणसाबद्दलचे शेरे टिपेत नकोत. "चिकट आहे", "उगाच वाद घालतो" असं लिहिल्याने पुढच्याला काही मदत होत नाही, आणि नोंद ग्राहकापर्यंत पोहोचली तर त्याचा बचाव करता येत नाही. आधार क्रमांक किंवा बँकेचे तपशील तर टिपेत कधीच उतरवून घेऊ नका. त्यांची गरज लागली तर ती कागदपत्रांच्या टप्प्यावर, त्या कामासाठी असलेल्या जागी.

संध्याकाळी एकदम भरलेल्या नोंदी

हा दोष ओळखायला सोपा आहे. दिवसभराच्या कॉलच्या नोंदी वेळेनुसार लावा. सगळ्या साडेपाच ते सहाच्या मधे झालेल्या दिसल्या, किंवा कॉलचा कालावधी सगळीकडे शून्य नाहीतर सरसकट पाच मिनिटं असला, तर त्या आठवणीतून भरलेल्या आहेत. चाळीस कॉलनंतर कोणत्या सचिवांनी लिफ्टचं सांगितलं आणि कोणी वॉटरप्रूफिंगचं, हे कोणालाही आठवत नाही. टिपा एकसारख्या होतात. वेळाही चुकतात, आणि मग "हे गृहस्थ सकाळी उचलतात की संध्याकाळी" हे पाहण्याचा मार्गच बंद होतो.

इलाज म्हणजे पुढचा नंबर लावण्याआधी मागची नोंद बंद करणं. बोलणं झालेल्या कॉलला दीड-दोन मिनिटं धरा. फोन उचलला नाही तर टीप लिहायचीच नाही. निकालाच्या यादीतला "उत्तर नाही" हा पर्याय निवडा, टास्कची तारीख पुढे करा आणि चला. अनेक टीममध्ये यासाठी "आरएनआर", म्हणजे रिंग वाजली पण उत्तर नाही, असं लिहायची सवय असते. ते टिपेत लिहू नका, निकालाच्या रकान्यात निवडा, कारण रिपोर्ट रकाना मोजतो, टीप मोजत नाही. मॅनेजरच्या आकड्यात आणि तुमच्या आकड्यात फरक पडतो तो बहुतेक इथेच.

न उचललेल्या फोनसाठी दर वेळी नवा टास्क करू नका. आहे त्याच टास्कची तारीख आणि वेळ बदला. नाहीतर एका सोसायटीवर पाच उघडे टास्क साठतात, त्यातला एक पूर्ण केला तरी चार थकलेले दिसत राहतात. वेळ मात्र बदलून पाहा: एकदा सकाळी साडेअकरा, एकदा संध्याकाळी सहानंतर, एकदा शनिवारी. सोसायटीचे पदाधिकारी नोकरी करणारे असतील तर दुपारी तीनला पाच वेळा फोन लावून पाच वेळा तेच उत्तर मिळेल.

एका सोसायटीच्या तीन नोंदी

सचिवांचा नंबर प्रदर्शनातून आला, अध्यक्षांचा वेबसाईटवरच्या फॉर्मवरून, खजिनदारांचा ओळखीतून. तीन लीड, म्हणजे संभाव्य ग्राहकाच्या तीन नोंदी, तयार झाल्या, तिघांना तीन इंटर्न फोन करतात, आणि कमिटीच्या मीटिंगमध्ये ते एकमेकांना सांगतात की या कंपनीच्या लोकांना आपसात काय चाललंय ते माहीत नाही. म्हणून अशा कामात नोंद माणसाची नव्हे, सोसायटीची असावी, आणि तिघे पदाधिकारी त्या एका नोंदीखाली संपर्क म्हणून जोडावेत. कॉल लॉग करताना तो माणूस आणि सोसायटी दोन्हींना जोडला आहे ना, ते बघा. नुसता माणसाला जोडला तर सोसायटीच्या पानावर तो दिसत नाही.

एकाच माणसाची नोंद दोनदा होते ती बहुतेक नंबरच्या लिखाणामुळे. हे चारही सिस्टिमला वेगळे वाटू शकतात:

```
98xxxxxx21
098xxxxxx21
+91 98xxx xxx21
9198xxxxxx21
```

हबस्पॉट संपर्क ओळखतो तो ईमेलवरून, फोन नंबरवरून नाही. आपल्याकडच्या निम्म्या लीडना ईमेलच नसतो, त्यामुळे तिथे दुहेरी नोंद अडवली जात नाही. झोहोमध्ये फोनचा रकाना असा ठेवता येतो की तोच नंबर दुसऱ्यांदा घेतला जात नाही, पण नंबर दोन पद्धतींनी लिहिला असेल तर तोही उपयोगी पडत नाही. यादी चढवण्याआधी एक्सेलमध्ये नंबर एकसारखे करा. A रकान्यात मूळ नंबर असतील तर B मध्ये:

```
=RIGHT(SUBSTITUTE(SUBSTITUTE(A2," ",""),"-",""),10)
```

आणि C मध्ये तो नंबर किती वेळा आला ते:

```
=COUNTIF(B:B,B2)
```

C मध्ये १ पेक्षा मोठा आकडा दिसला की ती ओळ चढवण्याआधी थांबा. हे सूत्र मोबाइलसाठी आहे. एका रकान्यात दोन नंबर असतील, किंवा शहराच्या कोडशिवाय लिहिलेला लँडलाइन असेल, तर ते हाताने पाहावं लागेल.

एक्सेलचा आणखी एक घात इथे सांगायला हवा. बारा आकडी संख्या साध्या सेलमध्ये टाकली की ती `9.19822E+11` अशी दिसते. तशीच सीएसव्ही म्हणून सेव्ह केली तर शेवटचे आकडे कायमचे जातात आणि मूळ यादीतूनच परत आणावे लागतात. ९१ लावलेला मोबाइल नंबर बारा आकडी असतो. महावितरणचा ग्राहक क्रमांकही बारा आकडी असतो, त्यामुळे सोलरच्या यादीत हा अपघात दोन रकान्यांत होतो. आकडे टाकण्याआधी ते रकाने `Text` करा. सीएसव्ही फाईल दोनदा टिचकी मारून उघडू नका, `Data` मेनूतून आत घ्या.

दुहेरी नोंदी आधीच झाल्या असतील तर त्या एकत्र कराव्या लागतील. हे काम इंटर्नने एकट्याने करू नये, कारण एकत्र केलेल्या नोंदी सहसा पुन्हा वेगळ्या करता येत नाहीत. ज्या नोंदीवर जास्त कॉल आहेत ती मुख्य ठेवा, दुसरीवरचे उघडे टास्क आधी पाहून घ्या, आणि यादी करून ॲडमिनकडे द्या.

तारखा आपोआप सरकल्या असतील तर

तुम्ही भरलेली तारीख बरोबर होती, पण टास्क भलत्याच महिन्यात दिसतो. यादी फाईलवरून चढवली असेल तर हे बघा: १ ते १२ तारखांचे टास्क चुकीच्या महिन्यात गेलेत आणि १३ पासून पुढच्या तारखा एक तर बरोबर आहेत किंवा चढलेल्याच नाहीत. असं असेल तर सिस्टिमने दिवस आणि महिना उलटे वाचलेत. ०८/०९/२०२५ म्हणजे आपल्याला ८ सप्टेंबर, अमेरिकी मांडणीला ९ ऑगस्ट. १५/०९ मात्र उलटं वाचताच येत नाही, म्हणून ती ओळ नाकारली जाते किंवा मजकूर म्हणून राहते. तारखा D रकान्यात असतील तर चढवण्याआधी शेजारच्या रकान्यात `=ISNUMBER(D2)` लावा. काही ठिकाणी `TRUE` आणि काही ठिकाणी `FALSE` असं मिश्रण आलं, तर फाईल बिघडलेली आहे. तो रकाना आधी `Text` करून तारखा `2025-09-08` अशा लिहा आणि चढवताना तारखेची मांडणी विचारली जाते तिथे तीच निवडा.

सगळी रिमाइंडर सारख्याच तासांनी पुढेमागे होत असतील, उदाहरणार्थ सकाळी अकराचं पहाटे साडेपाचला, तर तुमच्या खात्याचा टाइमझोन चुकीचा आहे. खात्याच्या सेटिंगमध्ये `Asia/Kolkata` किंवा `GMT+05:30` निवडा. नवीन इंटर्नचं खातं उघडताना हे राहून जातं.

थकलेले साठ टास्क आणि शेवटचा आठवडा

यादी लाल झाली की मोह होतो तो सगळे टास्क एकदम उद्यावर ढकलण्याचा. उद्या ते सगळे पुन्हा थकतात, आणि मूळ तारीखही पुसली गेल्याने किती उशीर झालाय ते कळेनासं होतं. त्यापेक्षा आधी अशा नोंदी वेगळ्या करा ज्यांत ग्राहकाने स्वतः वेळ सांगितली होती, आणि त्यांना आजच फोन करा. उरलेले दिवसाला पंधरा-वीस असे वाटून घ्या. तीन वेगळ्या वेळांना, पाच-सहा प्रयत्नांनंतरही ज्यांनी उचललं नाही, त्यांचा टास्क बंद करा आणि लीडची स्थिती बदला. तो निर्णय मॅनेजरला विचारून घ्या, पण घ्या.

इंटर्नशिप संपताना आणखी एक गोष्ट घडते. उघडे टास्क तुमच्या नावावर असतात. तुमचं खातं बंद झालं की ते नाहीसे होत नाहीत, पण कोणाच्याच रोजच्या यादीत येत नाहीत. सोसायटी दुसऱ्याच्या नावावर केली तरी टास्कचा `Owner` तिच्याबरोबर बदलेलच असं नाही. शेवटच्या आठवड्यात, खातं चालू असतानाच, आपल्या नावावरचे सगळे उघडे टास्क गाळून काढा आणि एकेकाचा मालक बदला. ज्या ग्राहकांशी पुढच्या पंधरा दिवसांत बोलायचं ठरलंय, त्यांच्या नोंदीत वर एक ओळ घाला: आजपासून कोण फोन करणार, आणि ग्राहकाला ते सांगितलंय का. नव्या माणसाला खुर्चीत बसवून त्यातले पाच टास्क त्याच्याच लॉगिनमध्ये दिसतायत का ते बघा. त्याच्या यादीत दिसले नाहीत, तर हस्तांतर झालेलं नाही.